प्रकल्प नोंदी: सुटलेल्या आराखड्यात तिसरं उत्पादन

३ मार्च

आठवड्याच्या उत्पादनाचा आराखडा आज पक्का झाला. सध्या दोनच वस्तू आहेत, लोखंडी रॅक आणि लोखंडी टेबल. दोन्ही कटिंग, वेल्डिंग आणि पेंटिंग या तीन विभागांतून जातात. एका रॅकला कटिंगचा १, वेल्डिंगचे २ आणि पेंटिंगचा १ तास लागतो. टेबलाला कटिंगचे २, वेल्डिंगचा १ आणि पेंटिंगचा १. आठवड्याला कटिंगचे १६०, वेल्डिंगचे २०० आणि पेंटिंगचे १५० तास हाताशी आहेत. रॅकमागे नफा ४०, टेबलामागे ५०. नफ्याचं एकक काहीही धरा, गणिताला फरक पडत नाही.

```python
import numpy as np
from scipy.optimize import linprog

c = np.array([40, 50])
A = np.array([[1, 2], [2, 1], [1, 1]])
b = np.array([160, 200, 150])
r = linprog(-c, A_ub=A, b_ub=b, method="highs")
y = -r.ineqlin.marginals
print(r.x, -r.fun, y)
```

उत्तर: रॅक ८०, टेबलं ४०, नफा ५२००. कटिंग आणि वेल्डिंग पूर्ण भरलेत. पेंटिंगमध्ये १२० तास लागतात, म्हणजे ३० तास मोकळे. शॅडो प्राइस, म्हणजे त्या विभागात आणखी एक तास मिळाला तर नफा किती वाढेल तो आकडा: कटिंगच्या तासाला २०, वेल्डिंगच्या तासाला १०, पेंटिंगच्या तासाला ०.

चिन्हाची एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो, कारण पुढे ती नक्की आडवी येणार. `linprog` फक्त किमान काढतं, म्हणून नफा उणे करून द्यावा लागतो आणि शॅडो प्राइसही उणे येतात. म्हणून `y` च्या आधी उणे लावलंय. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हेच आकडे उलट्या चिन्हाने दिसू शकतात. या नोंदींत मी सगळीकडे एकच रीत पाळणार: रिड्यूस्ड कॉस्ट म्हणजे नव्या वस्तूचा नफा वजा ती खाते त्या तासांची किंमत. अधिक आली तर वस्तू घेण्यासारखी, उणे आली तर नाही.

५ मार्च

सेल्सकडून विचारणा आली: कपाट बनवायचं का? डिझाइनच्या तक्त्यात एका कपाटाला कटिंगचे २, वेल्डिंगचे ३ आणि पेंटिंगचा १ तास लिहिलाय. नफा त्यांनी ६५ धरलाय. नग म्हणून पाहिलं तर तिन्ही वस्तूंत सगळ्यात जास्त नफा कपाटाचाच, त्यामुळे सेल्सच्या मते प्रश्न "बनवायचं का" हा नाहीच, "किती बनवायची" हा आहे.

मॉडेल नव्याने सोडवायची गरज नव्हती. नवी वस्तू म्हणजे मॉडेलमध्ये एक नवा स्तंभ. जुन्या मर्यादा जशाच्या तशा राहतात, त्यामुळे ८० रॅक, ४० टेबलं आणि शून्य कपाटं हा आराखडा अजूनही चालतो. तो आता सर्वोत्तम आहे की नाही, एवढंच तपासायचं, आणि त्यासाठी रॅक-टेबलांकडे परत बघावं लागत नाही. त्यांचा नफा आणि शॅडो प्राइसने काढलेली त्यांच्या तासांची किंमत सारखीच आहे. उरतो फक्त कपाटाचा स्तंभ:

```python
a = np.array([2, 3, 1])
print(65 - y @ a)      # -5.0
```

२ तास कटिंगचे ४०, ३ तास वेल्डिंगचे ३०, पेंटिंगचं शून्य. एकूण ७०. नफा ६५. रिड्यूस्ड कॉस्ट उणे ५. कपाट बनवायचं नाही, आराखडा होता तसाच.

सेल्सला हे पटलं नाही, आणि त्यांचंही बरोबर आहे. "शॅडो प्राइस ७० येते" हे वाक्य ऐकणाऱ्याच्या हाती काहीच देत नाही. म्हणून ७० आले कुठून ते रॅक-टेबलांच्या भाषेत मांडलं. कटिंग आणि वेल्डिंग दोन्ही भरलेले आहेत. एक कपाट करायचं तर २ तास कटिंगचे आणि ३ तास वेल्डिंगचे कुठून तरी काढावे लागणार, आणि ते काढायचे तर काही रॅक आणि काही टेबलं सोडावी लागणार. किती, ते या गणितातून निघतं:

```python
B = np.array([[1, 2, 0], [2, 1, 0], [1, 1, 1]])
print(np.linalg.solve(B, a))   # 1.333  0.333  -0.667
```

`B` चे पहिले दोन स्तंभ रॅक आणि टेबलाचे, तिसरा पेंटिंगच्या मोकळ्या तासांचा. एका कपाटापायी १⅓ रॅक आणि ⅓ टेबल जातं. त्यांचा नफा ५३⅓ अधिक १६⅔, म्हणजे बरोबर ७०. सत्तरचा कपाटाच्या खर्चाशी संबंध नाही. कपाटासाठी जे सोडावं लागतं त्याची ती किंमत आहे. (तिसरा आकडा उणे आहे, म्हणजे पेंटिंगचे तास उलट मोकळे होतात. हा आकडा तेव्हा कोणी पाहिला नाही. तो पुढे महत्त्वाचा ठरला.)

तरीही खात्री म्हणून मॉडेलमध्ये १२ कपाटं सक्तीने घातली. उत्तर आलं ६४ रॅक, ३६ टेबलं, १२ कपाटं, नफा ५१४०. बारा कपाटांमागे ६० ची घट, प्रत्येकी ५. हा तक्ता सेल्सला पाठवला आणि वाद मिटला. माझा अनुभव असा की अशा वेळी सक्तीचा आराखडा करून दाखवावा. रिड्यूस्ड कॉस्ट समजावत बसण्यापेक्षा तो लवकर पटतो.

सोबत त्यांना एक वापरण्याजोगा आकडाही दिला: कपाटाचा नफा ७० च्या वर गेला तरच पुन्हा विचारा. ७० वर बरोबरी आहे, म्हणजे कपाट केलं काय, न केलं काय, नफा ५२०० च.

१० मार्च

वेल्डिंगच्या सुपरवायझरांनी स्वतःहून निरोप पाठवला. कपाटासाठी जिग बनवली तर दरवाजाची चौकट धरून ठेवायला दुसरा माणूस लागत नाही, आणि ३ ऐवजी २ तासांत काम होतं. जिगचा खर्च वेगळा, तो नंतर कळवतो म्हणाले.

नवा स्तंभ (२, २, १). तासांची किंमत ४० अधिक २०, म्हणजे ६०. रिड्यूस्ड कॉस्ट अधिक ५. म्हणजे आता आराखडा बदलणार.

पण किती? पाच हा आकडा ते सांगत नाही. पाच म्हणजे पहिल्या कपाटामागे मिळणारा जादा नफा. तो किती कपाटांपर्यंत टिकतो हे बघायला पुन्हा तेच `solve` लागतं, या वेळी नव्या स्तंभासाठी. एका कपाटामागे ⅔ रॅक आणि ⅔ टेबल जातं, आणि पेंटिंगचा ⅓ तास मोकळा होतो. रॅक ८० आहेत, ते १२० कपाटांनी संपतील. टेबलं ४० आहेत, ती ६० कपाटांनी संपतील. टेबलं आधी संपतात, म्हणून थांबायचं ६० वर.

पूर्ण मॉडेल सोडवून ताळा केला: रॅक ४०, टेबलं ०, कपाटं ६०, नफा ५५००. म्हणजे ५२०० अधिक ६० गुणिले ५. कटिंग ४० अधिक १२०, भरलं. वेल्डिंग ८० अधिक १२०, भरलं.

टेबल आराखड्यातून पार गेलं. सेल्सला हे कळवताना थोडी मजा वाटली, कारण कपाट आणायची घाई त्यांचीच आणि टेबलांचे जुने ग्राहकही त्यांचेच. रॅकचा नफा टेबलापेक्षा कमी, मग रॅक का उरले आणि टेबल का गेलं, असं त्यांनी विचारलं. कारण सरळ आहे: टेबल आणि कपाट दोघांनाही कटिंगचे २ तास लागतात, दोघं एकाच जागेसाठी भांडतात. कटिंग आता जास्त महाग झालंय. नव्या आराखड्यात कटिंगच्या तासाची शॅडो प्राइस २५ आहे, वेल्डिंगची ७.५. टेबल स्वतःच या किमतींवर तपासलं तर ५० विरुद्ध ५७.५, म्हणजे उणे ७.५. परवापर्यंत आराखड्यातली वस्तू आता बाहेरची झाली.

म्हणून कपाट आल्यावर दुसरी एखादी वस्तू तपासायची असेल तर जुनी २०, १०, ० ही किंमत वापरायची नाही. आत आलेला प्रत्येक स्तंभ किमती हलवतो. दोन नव्या वस्तू एकदम जुन्या किमतींवर तपासल्या, दोन्ही अधिक आल्या, आणि म्हणून दोन्ही घेतल्या, असं चालत नाही. पहिली आत आल्यावर दुसरी तोट्यात जाऊ शकते. कटिंग स्टॉकच्या प्रश्नासाठी, म्हणजे मोठ्या मालातून हव्या त्या मापांचे तुकडे कमीत कमी नासाडीत कसे कापायचे यासाठी, गिलमोर आणि गोमोरी यांनी १९६१ साली मांडलेली पद्धत याच शिस्तीवर चालते: एक फायद्याचा स्तंभ शोधा, आत घ्या, किमती नव्याने काढा, मग पुढचा शोधा.

१२ मार्च

पेंट शॉपमध्ये आराखडा दाखवायला गेलो. तिथल्या सुपरवायझरांनी कपाटाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"एक तास? कपाट आतून-बाहेरून रंगवायचं असतं, साहेब. शेल्फ वेगळे, दरवाजे वेगळे. तीन तास लागतील."

तक्त्यातला १ हा रॅकवरून उचललेला अंदाज होता. त्यांचे ३ तास मोजलेले आहेत, दोन नमुना कपाटं तिथेच रंगवली होती.

परतल्यावर आधी रिड्यूस्ड कॉस्ट पाहिली. काहीच बदललं नव्हतं. पेंटिंगची शॅडो प्राइस शून्य, त्यामुळे १ चे ३ केले काय किंवा १० केले काय, अधिक ५ तसाच राहतो. इथेच बहुतेक जण थांबतात. "पेंटिंगला मोकळे तास आहेत, तिथे काही अडत नाही" हे वाक्य ३० तासांपुरतंच खरं आहे. शून्य किंमत म्हणजे अमर्याद साठा नव्हे. आणखी एक तास मिळाला तर आज काही फायदा नाही, एवढंच ती सांगते.

पुन्हा `solve`, या वेळी `a = [2, 2, 3]`. रॅक ⅔ जातो, टेबल ⅔ जातं, आणि पेंटिंगचे १⅔ तास खर्च होतात. हाच तो तिसरा आकडा. आधी तो उणे होता, आता अधिक झालाय. ३० मोकळे तास भागिले १⅔ म्हणजे १८. तीन आकड्यांत (१२०, ६०, १८) सर्वात लहान १८, तर कपाटं १८ वर अडतात.

मॉडेलचं उत्तर: रॅक ६८, टेबलं २८, कपाटं १८, नफा ५२९०. तिन्ही विभाग भरलेले. नवीन किमती कटिंग १९, वेल्डिंग ९, पेंटिंग ३. हाताने ताळा केला: १६० गुणिले १९, २०० गुणिले ९, १५० गुणिले ३, बेरीज ५२९०. जुळलं.

परवाच्या आणि आजच्या आराखड्यात रिड्यूस्ड कॉस्ट एकच, अधिक ५. परवा ६० कपाटं आणि ३०० चा फायदा, आज १८ कपाटं आणि ९० चा. परवा टेबलं संपली होती, आज २८ आहेत. रिड्यूस्ड कॉस्ट दिशा सांगते, अंतर सांगत नाही. अंतर त्या तीन भागाकारांतून येतं, आणि त्यात शून्य किमतीचे विभागही मोजावेच लागतात.

याचं टोक किती दूर जातं ते पाहण्यासाठी पेंटिंगचे तास १५० ऐवजी १२० करून जुनं मॉडेल कपाटाशिवाय सोडवलं. ८० रॅक, ४० टेबलं, नफा ५२००, तेच उत्तर, फक्त पेंटिंगही आता काठोकाठ भरलेलं. दोनच वस्तू आणि तीन भरलेल्या मर्यादा, म्हणजे आराखडा डीजनरेट. अशा वेळी शॅडो प्राइसचा संच एकच नसतो. २०, १०, ० हा एक, आणि १९, ९, ३ हाही तितकाच वैध. पहिल्या संचाने कपाट अधिक ५, दुसऱ्याने शून्य. सॉफ्टवेअर त्यातला कुठलाही एक छापेल. आणि प्रत्यक्षात कपाट घालून सोडवलं तर नफा ५२०० च राहतो, म्हणजे अधिक ५ दिसूनही पहिलं कपाटसुद्धा शिरत नाही. मोकळे तास शून्य, तर शून्य भागिले १⅔ शून्यच.

म्हणून रिड्यूस्ड कॉस्ट अधिक आली की लगेच पाहायचं: कुठली मर्यादा नेमकी भरलीय पण तिची किंमत शून्य आहे का? असेल तर त्या अधिक चिन्हावर विसंबू नये, मॉडेल नव्याने सोडवावं. उणे आलेल्या उत्तराला ही भीती नाही. शॅडो प्राइसचा एक वैध संच जरी "नको" म्हणाला, तरी जुना आराखडा सर्वोत्तमच ठरतो.

१४ मार्च

जिगचा आकडा आला. खर्च आठवड्यांत वाटला तर आठवड्याला १२०, आणि हा कपाटं किती झाली यावर अवलंबून नाही. एक कपाट केलं तरी १२०, साठ केली तरी १२०.

हा खर्च मॉडेलमध्ये नाही आणि रिड्यूस्ड कॉस्टमध्येही नाही. नगामागे वाटून टाकावा असं कोणीतरी सुचवलं: १२० भागिले ६०, कपाटामागे २, मग नफा ६३, अजूनही ६० च्या वर, चालेल. पण ६० हा आकडाच आता उरला नाही. १८ ने भागलं तर कपाटामागे ६⅔, नफा ५८⅓, आणि मग कपाट बनतच नाही. किती नग होणार ते कळल्याशिवाय वाटून काढता येत नाही, आणि वाटल्याशिवाय किती होणार ते कळत नाही. हा वळसा घ्यायलाच नको. स्थिर खर्च बाजूला ठेवावा, आराखडा सोडवावा, आणि एकूण फायद्यातून खर्च एकदाच वजा करावा.

फायदा ९०, जिग १२०. ३० चा तोटा. पेंटिंगचा खरा आकडा कळला नसता तर ३०० वजा १२० करून जिगचं काम देऊनही टाकलं असतं.

आता उलट प्रश्न: काय बदललं तर जमेल? नफा ६० च्या वर आणि ११० च्या आत असेतोवर १८ कपाटांचा आराखडा बदलत नाही, हे किमतींच्या समीकरणांतून काढलं. त्या टप्प्यात फायदा १८ गुणिले (नफा वजा ६०). तो १२० च्या वर जायला नफा ६६⅔ च्या वर हवा. सेल्सला ६७ हा आकडा कळवला. ७० नंतर आता ६७, त्यांना हे चंचल वाटलं असणार, पण पहिला आकडा जिगशिवायचा होता.

दुसरी वाट पेंटिंगच्या जादा तासांची. त्यांची शॅडो प्राइस आता ३ आहे, म्हणजे ओव्हरटाइमचा जादा दर तासाला ३ पेक्षा कमी असला तर घेण्यासारखा. हे ७० तासांपर्यंत खरं आहे, त्यानंतर टेबलं संपतात. पेंट शॉप आठवड्याला ३० तास देऊ शकतं, जादा दर तासाला १.

१७ मार्च

ओव्हरटाइमसह सोडवलं: रॅक ५६, टेबलं १६, कपाटं ३६, नफा ५३८०. त्यातून ओव्हरटाइमचे ३० आणि जिगचे १२० गेले की ५२३०. जुन्या आराखड्यापेक्षा ३० ने जास्त.

हे ३० मी कोणाला सुचवणार नाही. कपाटाचा नफा ६५ हा सेल्सचा अंदाज आहे. तो ६४ निघाला तर ३६ कपाटांमागे ३६ जातील आणि आपण ६ ने तोट्यात येऊ. अंदाजात एकाची चूक सहज राहते. उलट नफा ६७ मिळाला तर याच आराखड्यात निव्वळ फायदा १०२, त्यात चुकीला जागा आहे.

सेल्सने ग्राहकाशी किंमत बोलायची आणि पेंट शॉपने ३० तास राखून ठेवायचे, असं आजच्या बैठकीत ठरलं. तोपर्यंत मॉडेलमध्ये कपाटाचा स्तंभ (२, २, ३) ठेवलाय, वरची मर्यादा ० करून. शेजारी टीप लिहिली: पेंटिंगचे ३ तास मोजलेले, वेल्डिंगचे २ जिग असेल तरच, ती नसेल तर ३.